पोरं दोन, खेप पहिली

आठ ऑक्टोबर. सकाळी बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या कॉलेजच्या बसमध्ये बसून विद्यार्थिनींची केस-बुकं तपासायची होती. घरी खासबागेत हे काम करायला वेळ मिळत नाही असं नाही. पण घरी तपासली तर राग कोणावर काढणार? बसमध्ये अपराधी समोरच बसलेले असतात.

मी नर्सिंगच्या मुलींना प्रसूतीशास्त्र शिकवते. त्यात चार अक्षरं आहेत. G म्हणजे ग्रॅव्हिडा, बाई आजवर एकूण किती वेळा गरोदर राहिली, आताची धरून. P म्हणजे पॅरा, त्यांतल्या किती खेपा बाळ जगू शकेल इतक्या दिवसांपर्यंत गेल्या. आमच्या पुस्तकात ही रेघ अठ्ठावीस आठवड्यांवर आहे. दुसऱ्या काही पुस्तकांत ती वीसवर किंवा चोवीसवर आहे, म्हणून परीक्षेला बसण्याआधी परीक्षक कोणतं पुस्तक वाचून आलाय ते बघावं. L म्हणजे आज जिवंत असलेली मुलं. A म्हणजे त्या रेघेच्या आधीच संपलेल्या खेपा. चार अक्षरं, चार आकडे. रेशन कार्डावर याहून जास्त माहिती असते आणि ते सगळ्यांना भरता येतं.

पहिल्या वहीत एका बाईची ही दुसरी खेप होती. आधीची जुळी, दोन्ही जिवंत. विद्यार्थिनीनं P दोन लिहिला होता.

"एस.टी. किती वेळा थांबली?" मी तिला विचारलं.

"एकदा, मॅडम."

"उतरले किती?"

"दोघं."

"मग P म्हणजे एस.टी. आणि L म्हणजे पॅसेंजर. G2P1L2A0. परत लिही."

दुसऱ्या वहीतली बाई चौथ्यांदा गरोदर होती. पहिला मुलगा घरी शाळेत जातो, दुसरी खेप अडीच महिन्यांत पडली, तिसऱ्या खेपेला पूर्ण दिवस भरून मेलेलं बाळ जन्मलं. वहीत होतं G2P1L1. म्हणजे जे जगलं तेवढंच झालं. मेलेल्या बाळाला नऊ महिने पोटात वागवायला बाईला काही त्रासच पडला नसावा. मी खोडून G4P2L1A1 लिहिलं. बाळ मेलेलं जन्मलं तरी दिवस भरले होते, तेव्हा ते P मध्ये जातं. L मध्ये जात नाही एवढंच.

तिसऱ्या वहीत पहिली खेप गोळ्या घेऊन पाडलेली होती, ती मुलीनं मोजलीच नव्हती. म्हणाली, "मॅडम, ते तिनं स्वतः केलं ना." मी तिला सांगितलं की आपोआप पडलं काय आणि पाडलं काय, A ला दोन्ही सारखंच. त्या रकान्यात चारित्र्याचा दाखला चिकटवायला जागा सोडलेली नाही. G2P0L0A1.

मग मी सगळ्या बसला ऐकू जाईल असा माझा नेहमीचा ताळा सांगितला. बाई आता गरोदर असेल तर P आणि A ची बेरीज करा, आताची एक मिळवा, G आला पाहिजे. नाही आला तर कुठंतरी चुकलात. वर्षानुवर्षं हा ताळा मी अशा थाटात सांगते, जणू त्याच्यापुढे कोणाचं काही लपून राहत नाही.

आमची पोस्टिंग निपाणीच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात होती. दवाखाना बरा. एक डॉक्टरीणबाई पूर्णवेळ, सोनोग्राफी आहे, ऑपरेशनं मात्र बाहेरून सर्जन आणि भूलतज्ज्ञ येतील त्या दिवशी. बाकीचे दिवस देवावर आणि अ‍ॅम्ब्युलन्सवर.

वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर बोरगावकडची एक बाई होती. बत्तीस वर्षांची, ठेंगणी, चेहऱ्यावर अजिबात भीती नाही. आदल्या रात्री पोटात कळा आल्यासारखं वाटलं म्हणून तिची आई तिला घेऊन आली होती. त्या कळा खोट्या निघाल्या. आज दुपारी घरी सोडायचं ठरलं होतं. कॉटच्या कडेला बारा वर्षांची मुलगी पाय हलवत बसून आईच्या मोबाइलवर काहीतरी बघत होती. दसऱ्याची सुट्टी होती, म्हणून तीही आजोळी आलेली.

केस मांडायची पाळी खानापूरकडच्या एका मुलीची होती. हुशार आहे. हुशार मुलींचं मला जास्त भय वाटतं, कारण त्या चुकतात तेव्हा व्यवस्थित चुकतात. तिनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. G3P2L2A0, एकोणचाळीस आठवडे. दोन्ही मुली जिवंत, दोन्ही बाळंतपणं घरी, विनात्रास. शेवटचं बाळंतपण बारा वर्षांपूर्वी. उंची एकशे त्रेचाळीस. बाळाचं डोकं खाली, पण अजून वर तरंगतंय, कटिभागात उतरलेलं नाही.

"डोकं तरंगतंय, मग काळजी?" मी विचारलं.

"नाही मॅडम. मल्टी आहे, आधी बाळंत झालेली. मल्टीमध्ये कळा सुरू झाल्यावरसुद्धा डोकं उतरतं. पहिलटकरीण असती तर या दिवसांपर्यंत उतरायला हवं होतं, मग कारण शोधावं लागलं असतं."

पुस्तक तोंडपाठ. दोन अधिक शून्य अधिक एक, तीन. माझा ताळाही जुळला. आता टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मी पोटाला हात लावला. दोन वेळा ताणलेलं पोट हाताला सैल लागतं, जुने पांढुरके वळ असतात. नेहमीच असतात असं नाही, म्हणून केवळ त्यावर कोणी निकाल देऊ नये. हे पोट ढोलासारखं ताठ होतं आणि वळ होते ते सगळे नवे, लालसर. मग तिला कुशीवर वळायला सांगितलं तेव्हा मंगळसूत्राबरोबर गळ्यातून एक चांदीचा टाक बाहेर आला. बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती.

"हे काय आहे?" मी विद्यार्थिनीला विचारलं.

तिनं वहीत बघितलं. तिथं लिहिलं होतं: गळ्यात चांदीचा दागिना, प्रसूतीपूर्वी काढण्यास सांगितले.

आमच्याकडे पहिली बायको मेलेल्या माणसाशी लग्न केलं की दुसरी आपल्या गळ्यात पहिलीचा टाक घालते. मेलेल्या सवतीला मान दिला की ती त्रास देत नाही, असं म्हणतात. जिवंत नवऱ्यांसाठी असा काही तोडगा अजून निघालेला नाही. हल्ली टाक फार दिसत नाहीत, पण आमच्या गल्लीत एकीच्या गळ्यात होता, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही. शिवाय आणखी एक गोष्ट मघापासून टोचत होती. आमच्या भागात पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. तिसऱ्याला येत नाही. तिसऱ्याला ती सकाळच्या भाकऱ्या थापून दवाखान्यात जाते.

मी विद्यार्थिनींना बाहेर पाठवलं, आजीला म्हटलं नातीला घेऊन चहा पिऊन या. पडदा ओढला आणि कॉटवर बसले. कोणत्याही प्रस्तावनेशिवाय विचारलं, "तुमच्या स्वतःच्या पोटातून याआधी किती झाली?"

तिनं आधी पडद्याकडे बघितलं.

"एक बी न्हाय," ती म्हणाली. "पण बाई, हळू बोला. त्या पोरीला ठावं न्हाय."

मग तिनं सगळं सांगितलं, मोजक्या शब्दांत. मुली तिच्या थोरल्या बहिणीच्या. धाकटी अंगावर पिती असतानाच बहीण तापानं गेली. दाजींशी हिचं लग्न लावलं. लग्नात ओटी भरताना दोन्ही पोरी हिच्या मांडीवर दिल्या आणि हिच्या वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून सावत्र हा शब्द दोन्ही घरांत निघायचा नाही. आणि निघाला नाही. थोरलीला आठवतं, ती बोलत नाही. ती आता कॉलेजच्या क्लाससाठी बापाजवळ राहिली होती. धाकटीला मात्र भिंतीवरचा फोटो मावशीचा म्हणून माहीत आहे आणि टाक देवीचा म्हणून. नवरा बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, राहायला तिथंच जवळ, शेजारी सगळे नवे. हिला स्वतःचं मूल होईना. अकरा वर्षांनी आता दिवस गेले.

"मग आमच्या मुलीनं विचारलं तेव्हा तुम्ही दोन म्हणून सांगितलंत."

"पोरं किती म्हणून इचारलं. दोन हाईत, दोन सांगितली."

"आणि बाळंतपणं घरी, विनात्रास?"

"आक्काची दोन्ही घरातच झालती. नीट झालती. मी हुते की तिथं."

म्हणजे इतिहास शंभर टक्के खरा होता. फक्त दुसऱ्या बाईचा. आणि चूक करायची आमच्या मुलींची पद्धत तर ठरलेलीच. पोरं किती ते विचारायचं, ते L मध्ये टाकायचं, L वरून P काढायचा, P मध्ये एक मिळवून G करायचा. घर कळसापासून बांधायचं आणि पाया शेवटी लागला तर घालायचा. आकडे एकमेकांतूनच काढल्यावर ताळा जुळणारच. माझ्या त्या प्रसिद्ध ताळ्याचा काय उपयोग, तो त्या दिवशी कळला.

तिला मी साध्या शब्दांत सांगितलं. तिसरी खेप असती तर डोकं वर आहे याचं कोणी काही मानलं नसतं, कळा आल्यावर या म्हणून तुम्हाला घरी सोडलं असतं. पण ही पहिली आहे, उंची कमी आहे, दिवस भरत आलेत आणि डोकं उतरत नाही. वाट लहान असू शकते. बोरगावात रात्री कळा सुरू झाल्या आणि बाळ अडलं तर तुमच्या बहिणीची दोन बाळंतपणं तुमच्या उपयोगाला येणार नाहीत.

तिनं टाक परत पदराआड सारला. मग म्हणाली, "कागदावर काय लिव्हणार?"

"G1P0L0A0."

"त्यात... पोरांचा कुठला?"

"L. शून्य."

"दोन पोरी हाईत मला, आणि तुम्ही शून्य लिव्हणार. मग त्यांस्नी कुठं ठिवायचं?"

मी म्हटलं, या चार अक्षरांत फक्त तुमच्या गर्भाशयाचा हिशेब आहे. तुमच्या घराचा नाही. तुम्ही कोणाची आई आहात ते विचारणारं अक्षर यात नाही, त्यामुळे ते कोणी खोडूही शकत नाही. ती म्हणाली, "बोलायला ग्वाड हाय." तिचं बरोबर होतं.

तिची अट एकच होती. धाकटीला कळता कामा नये. सांगायचं ते ती स्वतः सांगेल, तिच्या वेळेला. मी कबूल केलं.

डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी दोन सेकंद डोळे मिटले, मग उठल्या. सोनोग्राफीत बाळाची वार वरच्या बाजूला आहे, ती वाटेत आड आलेली नाही, हे बघितलं. आतून तपासल्यावर हाडाची वाट अरुंद लागली, आणि वरून दाबलं तरी डोकं आत शिरत नव्हतं. सर्जन दोन दिवसांनी येणार होते. बाईंनी घरी सोडण्याचा कागद फाडला आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला.

मी माझ्यापरीनं बंदोबस्त केला. कॉटला टांगलेला केस पेपर काढून, दुरुस्त करून सिस्टरच्या टेबलावर ठेवला. पाठवणीची चिठ्ठी पाकिटात घालून अ‍ॅम्ब्युलन्समधल्या सिस्टरच्या हातात दिली, घरच्यांच्या नाही. कारण घरच्यांच्या हातात दिलं की ते सगळ्यांत शिकलेल्या माणसाकडे जातं, आणि इथं सगळ्यांत शिकलेलं माणूस बारा वर्षांचं, इंग्रजी शाळेतलं होतं. घरच्यांना कारण सांगितलं ते खरंच होतं: बाळाचं डोकं उतरत नाही. यापुढे काही सांगायची गरज नव्हती. आजीनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तिला कळलं होतं की मला कळलंय.

परतीच्या बसमध्ये खानापूरची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तोंड उतरलेलं.

"मॅडम, तिनंच दोन सांगितली."

"तू काय विचारलंस?"

"मुलं किती."

"मग तिनं त्याचंच उत्तर दिलं. तू बरोबर उत्तराला चुकीच्या रकान्यात घातलंस. आधी विचारायचं, दिवस किती वेळा राहिले. मग प्रत्येक खेपेचं काय झालं, एकेक, पहिल्यापासून. मुलं शेवटी. आणि एकटीला गाठून विचारायचं, सगळं खानदान ऐकत असताना नाही."

"ती खोटंच बोलायची ठरवून बसली असती तर?"

"तर तुझे हात कशाला दिलेत? पोट बघितलंस ना? ते काय म्हणालं?"

ती म्हणाली, पोट घट्ट लागलं होतं, पण G3 लिहून झालं होतं म्हणून मग तिकडे लक्ष दिलं नाही. हे मात्र मला प्रामाणिक वाटलं. डॉक्टर लोकही हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत.

रात्री डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सिझर झालं. मुलगी. दोघीही ठीक. मी जेवण गरम करून खाल्लं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या आधी स्कूटरवरून मोठ्या दवाखान्यात गेले. कोणी बोलावलं नव्हतं. सिस्टरच्या टेबलावर पेपर होता, G1P1L1A0. बरोबर होतं. बाळंत झाल्यावर P वाढतो, G वाढत नाही, हे निदान इथं कोणाला तरी माहीत होतं. पेपर जागेवर होता, पाकीट जागेवर होतं. माझ्या बंदोबस्तात कागदांना कुठंही फट नव्हती.

बाई उशीला टेकून बसली होती, बाळ कुशीत. आजी भिंतीशी पेंगत होती. धाकटी उभी होती. मला बघताच तिनं नमस्कार वगैरे केला नाही. सरळ म्हणाली, "मॅडम, रात्री ऑपरेशनच्या दारात दवाखान्याच्या मावशी आल्या आणि ओरडल्या, बोरगावच्या पहिलटकरणीचं कोण आहे? आम्ही तिसऱ्यावाले, म्हणून मी उठलेच नाही. पण आजी उठली."

कागद सांभाळले आणि माणसांची तोंडं राहिली. इतकी वर्षं दवाखान्यात काढून मला एवढंही सुचू नये.

"आजीला चुकून वाटलं असेल," मी म्हणू शकले असते. ती मुलगी ते मानणाऱ्यांतली नव्हती, आणि मला खोटं बोलायचं नव्हतं.

"आजी चुकली का?" तिनं विचारलं.

मी बाईकडे बघितलं. तिनं बाळ आजीच्या मांडीवर दिलं, टाक्यांवर हात दाबून थोडी सरकली आणि कॉटवर जागा केली.

"बाई, ऱ्हाऊ द्या. मीच सांगते," ती मला म्हणाली. मग मुलीला, "ये गं. बस हितं. चप्पल काढ आन् वर बस."

मुलगी चप्पल काढून वर बसली. मी कॉटभोवतीचा पडदा ओढला, तपासणीसाठी फाइल घेऊन येणाऱ्या तिथल्या विद्यार्थिनीला सांगितलं की या कॉटला शेवटी ये, आणि स्कूटर काढून कॉलेजला गेले. पहिला तास त्या दिवशी बदलीचा होता, पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणाचा. तो घेतला.